घरच्या कंपनीत थोडे शेअर आहेत? दप्तर पाहायला मागणारं पत्र कसं लिहावं

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या पुष्कळ आहेत. दोन-तीन भावांनी मिळून फाउंड्री, मशीन शॉप, कौलांचा कारखाना किंवा तंबाखूची पेढी काढली आणि पुढे सी.ए.च्या सांगण्यावरून तिची कंपनी केली, अशीच बहुतेकींची सुरुवात. पहिल्या पिढीत कुणी कागद पाहायला मागत नाही. दुसऱ्या पिढीत एक शाखा कारखाना चालवते, दुसरी पुण्याला किंवा टिळकवाडीत राहून नोकरी करते, आणि मग लाभांश का नाही, भाडं कुणाला जातं, आपले शेअर नक्की किती, असे प्रश्न निघतात. फोनवर कुणी ताकास तूर लागू देत नाही, तेव्हा लेखी पत्राची वेळ येते.

ही पत्रं फसतात त्याचं कारण बहुधा एकच असतं. रागाच्या भरात माणूस लिहितो, "कंपनीचे सर्व हिशेब, बँक स्टेटमेंट, व्हाउचर आणि रजिस्टरं दाखवा." यातल्या काही गोष्टी दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे आणि काही दाखवायच्या की नाही हे संचालक मंडळ ठरवतं. दोन्ही एका वाक्यात आल्या की कंपनीचा वकील त्यातला कमजोर भाग धरून अख्खी मागणी फेटाळतो. म्हणून पत्राचे दोन भाग करायचे: पहिला हक्काचा, दुसरा विनंतीचा.

आधी दोन खात्र्या

ती खरंच कंपनी आहे ना, हे आधी पाहा. आपल्याकडे साखर कारखान्याचा आणि सौहार्द पतसंस्थेचाही "शेअर" असतो, पण त्या सहकारी संस्था. त्यांना कर्नाटकाचा 1959 चा सहकारी संस्था कायदा, 1997 चा सौहार्द कायदा किंवा केंद्राचा 2002 चा बहुराज्य सहकारी कायदा लागू होतो. पुढे लिहिलंय ते 2013 च्या कंपनी कायद्याचं आहे, सहकारी संस्थेत ते चालत नाही. शेअर सर्टिफिकेटवर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि 21 अक्षरांचा सीआयएन क्रमांक असेल तर हा लेख तुमच्यासाठी.

दुसरी खात्री जास्त महत्त्वाची. सभासदांच्या रजिस्टरात तुमचं स्वतःचं नाव आहे का? वडील वारले, सर्टिफिकेट आईच्या कपाटात आहे, एवढ्याने तुम्ही सभासद होत नाही. आधी शेअरची वारसनोंद, म्हणजे ट्रान्समिशन, करून घ्यावी लागते. मृत्यूचा दाखला आणि कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमावलीत, मागितलेले वारसाचे कागद देऊन अर्ज केला की कंपनीने एक महिन्यात सर्टिफिकेट द्यायचं असतं. नोंद नाकारली तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ट्रिब्युनलकडे, अपील करता येतं, पण तो वेगळा रस्ता आहे. नोंद नसताना तपासणीचं पत्र धाडलंत तर "आपण सभासद नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल, आणि ते बरोबरच असेल. शेअर डीमॅटमध्ये असतील तर डिपॉझिटरीच्या नोंदीत तुमचं नाव असणं पुरेसं आहे.

शंभर रुपयांत सुरुवात

पत्र लिहिण्याआधी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. तिथे "View Public Documents" या ठिकाणी 100 रुपये भरले की त्या कंपनीने रजिस्ट्रारकडे दाखल केलेले कागद कुणालाही पाहता येतात. ठरावीक वेळेनंतर खिडकी बंद होते, म्हणून हवे ते कागद लगेच उतरवून घ्या. तीन फॉर्म शोधा: एओसी-4 मध्ये ताळेबंद आणि ऑडिटरचा अहवाल असतो, एमजीटी-7 किंवा 7ए हा वार्षिक परतावा, म्हणजे कंपनीचं वार्षिक विवरणपत्र, आणि पीएएस-3 मध्ये नवे शेअर कुणाला दिले ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, उद्यमबागेतली फाउंड्री तुमच्या वडिलांनी आणि दोन काकांनी काढली. शंभर रुपयांचे 10,000 शेअर, त्यातले 1,200 तुमच्या नावावर, म्हणजे 12 टक्के. एकूण सभासद सात. कारभार चुलतभाऊ पाहतो, तोच मॅनेजिंग डायरेक्टर. एओसी-4 च्या टिपांमध्ये संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार द्यावे लागतात. तिथे दिसतं, की शेडचं भाडं वहिनींच्या भागीदारी पेढीला जातं आणि जॉब वर्कची मोठी रक्कमही तिलाच गेली आहे. दोन वर्षांपूर्वीचा एक पीएएस-3 सापडतो, त्यात 2,500 नवे शेअर चुलतभावाच्या घरात दिलेले. आता एकूण शेअर 12,500 झाले, तुमचे 1,200 च राहिले, म्हणजे 9.6 टक्के.

इथे थांबून नीट पाहायला हवं. दहा टक्क्यांची रेषा कायद्यात वारंवार येते. स्वतः विशेष सर्वसाधारण सभा मागवायची तर मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो. तो हक्क 9.6 टक्क्यांवर एकट्याच्या हातून गेला. पण अल्पमतातल्या सभासदांवरील अन्यायाविरुद्ध कलम 241 खाली ट्रिब्युनलकडे जायचं असेल तर मोजणी दोन तऱ्हांनी होते: भांडवलाचा दहावा हिस्सा, किंवा सभासदांच्या संख्येचा दहावा हिस्सा. सात सभासदांच्या कंपनीत एक माणूस म्हणजे सातवा हिस्सा. तो दरवाजा उघडाच आहे. "आता तुमचे दहा टक्केही नाहीत" असं कुणी ऐकवलं तर पूर्ण खरं धरू नका.

म्हणून या उदाहरणात पत्रातली पहिली मागणी सभासदांच्या रजिस्टरची. त्या 2,500 शेअरची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि आधी तुम्हाला ते देऊ केल्याचं पत्र कधी निघालं, हा खरा प्रश्न आहे. भाड्याचा मुद्दा त्यानंतर.

हक्काने काय पाहता येतं

सभासदाला कामाच्या वेळात, फी न देता, नोंदणीकृत कार्यालयात पुढील दप्तर पाहता येतं. सभासदांचं रजिस्टर, म्हणजे एमजीटी-1, आणि वार्षिक परताव्यांच्या प्रती कलम 94 खाली. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं कलम 119 खाली. संचालकांचा हितसंबंध असलेल्या करारांचं रजिस्टर, एमबीपी-4, कलम 189 खाली. संचालक आणि त्यांच्या शेअरचं रजिस्टर कलम 171 खाली. कर्ज-तारण असेल तर चार्जेसचं रजिस्टर कलम 85 खाली. सभेपुढे जाणारा ताळेबंद, नफा-तोटा आणि ऑडिटरचा अहवाल तर कलम 136 प्रमाणे सभासदाला पाठवायचाच असतो आणि कार्यालयात दाखवायचाही असतो.

टिपणं काढायला पैसे लागत नाहीत. प्रती हव्या असतील तर दर पानाला जास्तीत जास्त 10 रुपये. संचालकांच्या रजिस्टरची प्रत मात्र फुकट आणि 30 दिवसांच्या आत मिळते. सर्वसाधारण सभांच्या मागच्या तीन वर्षांच्या इतिवृत्तांची सॉफ्ट कॉपी मागितली तर तीही फुकट द्यावी लागते. ही तरतूद फार जणांना ठाऊक नसते, आणि पुण्यात राहणाऱ्याला ती सगळ्यात उपयोगी.

मर्यादाही ध्यानात ठेवा. 2022 पासून सभासदांच्या रजिस्टरातला पत्ता, ईमेल, पॅन यांसारखा तपशील तपासणीसाठी खुला नाही, त्यावर भांडू नका. संचालक मंडळाच्या बैठकींची इतिवृत्तं सभासदाला पाहता येत नाहीत. आणि एमबीपी-4 मध्ये वर्षाला एकूण 5 लाखांच्या आतली मालाची किंवा सेवेची खरेदी-विक्री लिहावी लागत नाही, तेव्हा छोटे व्यवहार तिथे नसले म्हणून लगेच लपवाछपवी समजू नये.

विनंतीचा भाग

कीर्द, खतावणी, व्हाउचर, बँक स्टेटमेंट, टॅलीचा डेटा हे "हिशेबाचं दप्तर". कलम 128 प्रमाणे ते संचालकाला पाहता येतं. साध्या सभासदाला कायद्याने तो हक्क नाही. बहुतेक कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये कायद्यातल्या नमुना नियमावलीचा, म्हणजे टेबल एफचा, जुन्या कंपन्यांत टेबल एचा, नियम उतरवलेला असतो: हिशेबाचं दप्तर सभासदांना दाखवायचं की नाही, कोणतं, कधी आणि कोणत्या अटींवर, हे मंडळ ठरवेल, नाहीतर सर्वसाधारण सभा ठरवेल. तेव्हा आधी स्वतःच्या कंपनीची आर्टिकल्स वाचा. ती कलम 17 खाली फी भरून मागवता येतात आणि सात दिवसांत मिळायला हवीत. बऱ्याचदा पोर्टलवरही असतात.

हा भाग अरुंद ठेवा. "दहा वर्षांचे सर्व हिशेब" मागितले तर मंडळाला नकाराचं कारण आयतंच मिळतं. त्याऐवजी दोन खाती, दोन वर्षं. आमच्या उदाहरणात शेड भाडं आणि जॉब वर्क, 2023-24 आणि 2024-25. सोबत कोण येणार, माहिती बाहेर जाणार नाही अशी लेखी हमी, कागद कंपनीच्या जागेतच पाहू, ही तयारी आपणहून दाखवा. इतकी मोजकी मागणी फेटाळली तर पुढे ट्रिब्युनलपुढे ती फेटाळणीच तुमच्या बाजूने बोलते.

पत्राचा नमुना

भाषेबद्दल एक शब्द. बेळगावात हा विषय नाजूक आहे, पण इथे अभिमान बाजूला ठेवावा. रजिस्टरं इंग्रजीत असतात, पुढे रजिस्ट्रार आणि ट्रिब्युनलकडेही इंग्रजीच चालते. मजकूर मराठीत पक्का करा आणि पाठवायची प्रत इंग्रजीत करून घ्या. चुलतभावाला "दादा" म्हणत असलात तरी पत्र "दादा"ला नाही, संचालक मंडळाला जातं. लहानपणच्या आठवणी, लग्नातले मानपान, काकांनी दिलेला शब्द, यातलं काही त्यात येऊ देऊ नका.

> प्रति,
> मा. संचालक मंडळ,
> (कंपनीचे पूर्ण नाव, सीआयएन क्रमांक, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)
>
> विषय: रजिस्टरांची तपासणी व हिशेबाचे काही दप्तर पाहण्यास परवानगी
>
> मी कंपनीचा सभासद असून माझा फोलिओ क्रमांक ___ आहे. माझ्या नावे 1,200 समभाग आहेत.
>
> भाग अ. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 94, 119, 171 व 189 नुसार मला पुढील दप्तराची तपासणी करावयाची आहे: सभासदांचे रजिस्टर, मागील पाच वर्षांच्या वार्षिक परताव्यांच्या प्रती, मागील पाच वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, संचालकांचे व त्यांच्या समभागांचे रजिस्टर, हितसंबंध असलेल्या करारांचे रजिस्टर. यासाठी मी दिनांक ___, ___ किंवा ___ यांपैकी कोणत्याही एका दिवशी सकाळी 11 ते 1 या वेळेत नोंदणीकृत कार्यालयात हजर राहीन. सोयीचा दिवस कृपया कळवावा. मागील तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांची सॉफ्ट कॉपी माझ्या ईमेलवर पाठवावी. अन्य प्रतींची फी कळविल्यास लगेच भरीन.
>
> भाग आ. वरील मागणीपेक्षा स्वतंत्रपणे, आर्टिकल्समधील नियम क्रमांक ___ नुसार मंडळाने आपल्या अधिकारात मला पुढील दप्तर पाहण्यास परवानगी द्यावी, अशी विनंती आहे: 2023-24 व 2024-25 या वर्षांची शेड भाडे व जॉब वर्क ही खाती, आणि त्यांचे करार व बिले. ताळेबंदाच्या टिपांमध्ये हे व्यवहार संबंधित पेढीशी झाल्याचे नमूद आहे, म्हणून ही विनंती. सोबत माझे चार्टर्ड अकाउंटंट असतील. आम्ही दोघेही गोपनीयतेची लेखी हमी देऊ. या विनंतीवर मंडळाचा ठराव दिनांक ___ पर्यंत लेखी कळवावा.
>
> भाग आ वरील निर्णय प्रलंबित असला, तरी त्यामुळे भाग अ थांबवू नये.
>
> आपला विश्वासू,
> (रजिस्टरात आहे तशीच सही, नाव, पत्ता, ईमेल, तारीख)

पत्रातलं शेवटचं वाक्य साधं दिसतं, पण ते गाळू नका. "बोर्ड मीटिंगमध्ये ठरवून कळवू" म्हणून महिनोन्‌महिने लोंबकळत ठेवायचा मार्ग ते बंद करतं. "लूट", "फसवणूक", "अपहार" हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. अजून काही पाहिलेलंच नाही.

पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. कारखाना मच्छेला आणि नोंदणीकृत पत्ता शहापूरच्या जुन्या घराचा, असं खूप ठिकाणी असतं. एकाच ठिकाणी पाठवायचं तर नोंदणीकृत पत्ताच धरा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोहोचल्याची नोंद जपा. कंपनीच्या नोंदणीकृत ईमेलवरही तेच पाठवा. हातात नेऊन दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन पोच घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर वाद न घालता तिथून निघा आणि पोस्टात जा.

तपासणीच्या दिवशी

आर्टिकल्सनी वेळ मर्यादित केली तरी कामाच्या दिवशी निदान दोन तास द्यावेच लागतात. दोन तास म्हणजे फार नाही, म्हणून क्रम ठरवून जा. ओळखपत्र, पोर्टलवरून काढलेल्या कागदांची प्रत आणि वही सोबत घ्या. मोबाइलने फोटो काढण्याबद्दल कायद्यात स्पष्ट शब्द नाहीत. काढू दिले तर काढा, नाहीतर पानं नोंदून प्रती मागा.

आधी एमजीटी-1. तुमचा फोलिओ, मग चुलतभावाचा. त्या 2,500 शेअरची तारीख, सर्टिफिकेट क्रमांक आणि रक्कम टिपा आणि पीएएस-3 शी ताडून पाहा. मग इतिवृत्तं. पानांना सलग क्रमांक हवेत, दर पानावर आद्याक्षरी किंवा सही हवी, शेवटच्या पानावर तारीख आणि सही हवी. सभा झाल्यापासून 30 दिवसांत इतिवृत्त नोंदवायचं असतं. तुमचं पत्र आल्यावर पाच वर्षांची इतिवृत्तं एका रात्रीत लिहिली गेली असतील तर ते सहसा कळतं: सगळीकडे एकच फॉन्ट आणि एकच शाई, आणि 2021 च्या सभेत 2023 ला नेमलेला संचालक "उपस्थित". सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे एमजीटी-7 मध्ये दिलेली सर्वसाधारण सभेची तारीख आणि इतिवृत्तातली तारीख शेजारी ठेवणं. दोन्ही जुळत नसतील तर ती पानं प्रत मागण्याच्या यादीत सगळ्यात वर घाला.

एमबीपी-4 शेवटी. शेडचा करार तिथे आहे का, कोणत्या बोर्ड मीटिंगची तारीख लिहिली आहे, एवढं पाहा. हे रजिस्टर दर वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सुरुवातीला मांडून सभा संपेपर्यंत खुलं ठेवायचं असतं. तपासणी टळली तरी सप्टेंबरमधल्या सभेत ते मागता येतं. ऑडिटरला कंपनीने सूट दिली नसेल तर तोही सभेला असायला हवा, भाड्याचा प्रश्न त्यालाच समोर विचारावा.

निघताना जे पाहिलं आणि जे दाखवलं नाही त्याची यादी करून त्याच दिवशी ईमेल करा. "आज 11 ते 12.40 तपासणी झाली, एमबीपी-4 उपलब्ध नसल्याचं सांगण्यात आलं" इतकंच पुरे.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर

"रजिस्टर सी.ए.कडे आहे" हे उत्तर सर्रास येतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी ते चालत नाही, दप्तर नोंदणीकृत कार्यालयात हवं. उत्तरादाखल तेवढंच लिहून नवी तारीख मागा. "सध्या रजिस्टर बंद आहे" असं म्हणाले तर बंद ठेवल्याची सूचना मागा. वर्षाला 45 आणि सलग 30 दिवसांपेक्षा जास्त ते बंद ठेवता येत नाही.

नकार कायम राहिला तर दरवाजे वेगवेगळे आहेत, आणि इथेही लोक सगळं एकाच अर्जात घालतात. सभासदांचं रजिस्टर किंवा परतावा नाकारला तर कलम 94 खाली दिवसाला 1,000 रुपये, कमाल 1 लाख, असा दंड आहे, छोट्या कंपनीला त्यात सवलत मिळते. तातडीने तपासणी करू देण्याचा हुकूम केंद्र सरकारच्या वतीने निघतो. संचालकांचं रजिस्टर नाकारलं तर असा हुकूम देण्याचा अधिकार बेंगळुरूच्या कंपनी रजिस्ट्रारकडे आहे. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त नाकारलं तर कंपनीला 25,000 आणि जबाबदार अधिकाऱ्याला 5,000 रुपये दंड आहे, आणि तपासणीचा हुकूम ट्रिब्युनल देतं, कर्नाटकासाठी म्हणजे बेंगळुरूचं. रजिस्ट्रारकडे पोर्टलवरून तक्रार करताना पत्र, पोस्टाची पावती आणि तपासणीनंतरचा ईमेल जोडा. तारखा चुकवू नका.

भाग आ फेटाळला गेला तर त्यासाठी असा थेट दंड नाही. फक्त खतावणी पाहण्यासाठी वेगळा खटला लढवणं महागात पडतं, त्यात मला अर्थ दिसत नाही. नकाराचं पत्र, शेअर वाढवल्याच्या तारखा आणि भाड्याच्या नोंदी एकत्र करून कंपनी कायद्यातल्या वकिलाकडे जा आणि कलम 241 चा अर्ज टिकेल का ते विचारा. त्या अर्जात ट्रिब्युनल हिशेबाचं दप्तर हजर करायला लावू शकतं, आणि तिथे तुमच्या 9.6 टक्क्यांपेक्षा सात सभासदांपैकी एक असणं जास्त कामाला येईल.